महिन्यातून दोनदा की दोन महिन्यांतून एकदा

जयंतराव गर्गे यांची चौतीस वर्षे सुरत स्थानकाच्या चौकशी-खिडकीमागे गेली. खिडकीबाहेर रोज नवी माणसे येत आणि आत तेच जयंतराव, तेच वेळापत्रक आणि तोच चष्मा असे. कोणी विचारी, ‘‘साहेब, गोरखपूरची गाडी आज आहे का?’’ आणि जयंतराव पुस्तकाकडे न बघता उत्तर देत. तरीही उत्तर दिल्यावर पुस्तक उघडून ती ओळ डोळ्यांखालून घालत. सहकारी हसत. जयंतराव म्हणत, ‘‘माझी जीभ घसरली तर माझे काहीच जात नाही. ज्याची गाडी चुकते तो बाकावर बसून राहतो.’’ शब्द हा दुसऱ्याच्या विश्वासाची ठेव असतो, अशी त्यांची श्रद्धा होती.

निवृत्तीनंतर ते उधन्याच्या घरी स्वस्थ बसले असते. पण सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतील एका रंगाई-कारखान्याच्या व्यवस्थापकांनी त्यांना शोधून काढले. कारखान्यात निम्म्याहून अधिक कामगार खानदेशातले. यंत्रांवरच्या सूचना इंग्रजीत, फलक गुजरातीत, आणि वाचणाऱ्यांच्या घरी अहिराणी. तेव्हा सुरक्षिततेच्या सूचना शुद्ध आणि सोप्या मराठीत कोणीतरी उतरवून द्याव्यात, अशी विनंती होती. जयंतराव आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागले. ‘हात घालू नका’ या साध्या ओळीवरही ते थांबत. कशात घालू नका, कधी घालू नका, हे लिहिल्यावाचून त्यांचे समाधान होत नसे.

उन्हाळ्याच्या अखेरीस कारखान्यात कापड रंगवण्याचे एक नवे यंत्र आले. पॉलिस्टरचे कापड त्यात पाण्याच्या दाबाखाली एकशे तीस अंशांवर रंगते. त्याला एक जाड, गोल पोलादी झाकण असते. त्या झाकणामागे उकळीच्याही पलीकडे तापलेले पाणी कोंडलेले असताना ते उघडले, तर समोरच्या माणसाची काय गत होईल, हे सांगण्यासाठी कोणत्याही भाषांतराची गरज नव्हती. म्हणून झाकणाला एक कुलूप होते: पोलादी खिळा. झाकण बंद झाले की तो स्प्रिंगच्या जोराने पुढे सरकून कड्यात बसे, आणि दाब शून्यावर व उष्णता ऐंशीच्या खाली आल्याशिवाय मागे येत नसे. हा खिळा ठरावीक काळाने तपासायचा होता. यंत्राच्या देखभालीची इंग्रजी यादी जयंतरावांकडे आली, त्यांनी ती मराठीत केली, आणि दोन जूनला ती यंत्राशेजारी काचेत बसवली गेली. कंपनीच्या माणसाने त्याच दिवशी खिळा तपासून दाखवला होता.

जुलैच्या बारा तारखेची सकाळ. जयंतराव घरी चहा घेत होते. तसलीच आणखी दोन यंत्रे येणार होती, म्हणून यादीची नवी प्रत करायची होती, आणि जूनमधली प्रत घाईत तशीच गेली असली तरी ही आधी पत्नीच्या हाताखालून जावी असे त्यांनी ठरवले होते. शैलजाताईंनी उधन्याच्या मराठी शाळेत अठ्ठावीस वर्षे संस्कृत शिकवले होते. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत त्या नवऱ्यालाही सूट देत नसत. त्यांनी इंग्रजी कागद डावीकडे आणि मराठी उजवीकडे ठेवला, आणि शिसपेन्सिलीने ओळी जुळवत गेल्या.

‘‘अहो,’’ त्या मध्येच थांबून म्हणाल्या, ‘‘ही चौथी ओळ बघा. पंपाची गाळणी. बायवीकली. तुम्ही लिहिलंय, आठवड्यातून दोनदा.’’

‘‘बरोबर आहे. बायवीकली म्हणजे द्विसाप्ताहिक. आपल्या द्विसाप्ताहिक गाड्या आठवड्यातून दोन दिवस सुटतात. हजारदा सांगितलंय मी लोकांना.’’

‘‘असेल. आता ही नववी ओळ. झाकणाचं कुलूप. बायमंथली. इथे काय लिहिलंय तुम्ही?’’

‘‘दोन महिन्यांतून एकदा. द्वैमासिक.’’ जयंतरावांनी बशीत चहा ओतला. ‘‘आपल्या वाचनालयात द्वैमासिक येतं ना, दर दोन महिन्यांनी एक अंक.’’

शैलजाताईंनी पेन्सिल खाली ठेवली. ‘‘बाय एकच, पान एकच, लिहिणारा एकच. मग चौथ्या ओळीत तो दोनदा करा म्हणतो आणि नवव्या ओळीत एक आड एक करा म्हणतो, असं कसं हो? गाडीत बसताना तुमचा एक अर्थ आणि वाचनालयात शिरताना दुसरा?’’

जयंतराव हसायला गेले. पण हसू ओठांवर येण्याआधीच आटले. त्यांनी बशी टेबलावर ठेवली आणि कागद जवळ ओढला. बायवीकली. बायमंथली. दोन्ही शब्द त्यांना इतके परिचित होते की त्यांनी त्यांच्याकडे कधी पाहिलेच नव्हते. एक शब्द रेल्वेने शिकवला होता, दुसरा वाचनालयाने. दोघे एका कागदावर प्रथमच शेजारी आले होते, आणि त्यांनी दोघांना न विचारताच आत घेतले होते.

‘‘शब्दकोश आण,’’ ते म्हणाले.

कोशाने धीर दिला नाही. बायमंथलीपुढे दोन अर्थ क्रमाने छापलेले होते: दोन महिन्यांतून एकदा, महिन्यातून दोनदा. बायवीकलीपुढेही तसेच. कोणता कधी घ्यायचा, याविषयी कोश मौन होता.

‘‘असं कसं चालतं?’’ जयंतराव जवळजवळ रागावून म्हणाले. ‘‘एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि तेही एकमेकांच्या उलट?’’

‘‘इंग्रजांनाच नावं ठेवू नका,’’ शैलजाताई म्हणाल्या. ‘‘आपल्याकडे तरी काय? द्वि म्हणजे दोन आणि द्विः म्हणजे दोन वेळा. विसर्गाने भेद केलेला. पण समास झाला की विसर्ग गळतो. द्विदल म्हणजे दोन दलं असलेलं; द्विज म्हणजे दोन ‘ज’ नव्हेत, दोनदा जन्मलेला. दिसायला द्वि तोच. मी मुलांना सांगायची, विग्रह केल्याशिवाय समासावर विश्वास ठेवू नका. इथे विग्रह करणार कोण? दोन हे महिन्याला लावायचं की तपासणीला, ते बायला ठाऊकच नाही.’’

एरवी या वाक्यावर जयंतरावांनी तासभर आनंदाने चर्चा केली असती. आज ते बोटांवर मोजत होते. महिन्यातून दोनदा म्हणजे दोन महिन्यांत चार वेळा. आणि आपण लिहिले एकदा. उपसर्ग दोनाचा, पण चूक झाली तर चौपटीची. दोन जूनपासून आज चाळीस दिवस. जूनच्या मध्यावर एक तपासणी हवी होती, जुलैच्या आरंभी दुसरी. दोन्ही झाल्या नाहीत. कारण काचेआडच्या कागदावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात पुढची तारीख ऑगस्टची होती.

‘‘कदाचित तुमचाच अर्थ बरोबर असेल,’’ शैलजाताई हळू आवाजात म्हणाल्या.

‘‘कदाचित,’’ जयंतराव म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

त्या यंत्रावर सकाळपाळीला निंबा असे. शिरपूरकडचा, चाळिशीचा, बोलायला मोकळा. जयंतरावांना तो आबा म्हणे. फलक लागला त्या दिवशी त्याने बोट ठेवून सगळी यादी मोठ्याने वाचली होती आणि म्हणाला होता, ‘‘आबा, तुमनं लिखेल माले एक डावमा समजस.’’ त्या शाबासकीने जयंतराव दिवसभर सुखावले होते. आता तेच वाक्य त्यांच्या छातीत रुतले. त्याला समजले होते, म्हणूनच तो तसा वागत होता.

त्यांनी निंबाला फोन लावला. पाळीवर असताना फोन कपाटात ठेवण्याचा नियम होता. घंटा वाजत राहिली. पाळीप्रमुख हेमराजला लावला. तोही उचलेना, यंत्रांच्या आवाजात त्याला ऐकू येत नसणार. कचेरी दहाला उघडायची. आठ वाजून वीस मिनिटे झाली होती. पहिले कापड सहाला चढते, तीन-साडेतीन तासांत उतरते. म्हणजे साडेनऊच्या सुमारास निंबा झाकणापाशी जाईल.

रिक्षा पांडेसरा ओलांडून भेस्तानला अडकली. पुढे कापडाच्या तागांचा टेम्पो आडवा झाला होता. जयंतराव घड्याळ बघत नव्हते; घड्याळ बघण्याचे भय वाटत होते. चौतीस वर्षांत त्यांच्या सांगण्याने एकाचीही गाडी चुकली नव्हती, असा त्यांचा अभिमान. पण चुकली असती तरी दुसरी गाडी होती. मनात ते दोन्ही अर्थांना आळीपाळीने वकील देत होते. कुलूप पोलादी आहे, नवे आहे, त्याला दोन महिने काय होणार? उलट, जिथे माणसाचा जीव आहे तिथे कोणी दोन महिने थांबेल काय? मग गाळणी आठवड्यातून दोनदा आणि कुलूप दोन महिन्यांतून एकदा, हे लिहिताना आपल्या हाताला अडखळावेसे का वाटले नाही? या प्रश्नाला वकील नव्हता.

फाटकातून आत शिरताना त्यांना धाप लागली होती. रंगखात्यात वाफ आणि ओल्या कापडाचा वास भरलेला. निंबा नव्या यंत्रासमोर उभा होता, एक हात झाकणाच्या चाकावर.

‘‘निंबा! थांब! हात काढ!’’

निंबाने दचकून हात मागे घेतला. ‘‘काय व्हयनं, आबा? इतला कसाले घाबरेल शेतस?’’

‘‘आत किती आहे?’’

‘‘अठ्ठ्याहत्तर. दाब शून्य. उघाडाना टाइमच शे.’’ त्याने आकड्यांकडे बोट केले. ‘‘रोज असंच करतो.’’

‘‘आज करू नकोस. पूर्ण थंड होऊ दे.’’

आवाज ऐकून हेमराज आला. खानदेशातल्या घरात जन्मलेला, सुरतेत वाढलेला. त्याच्या बोलण्यात तिन्ही भाषा एकाच ताटात असत. ‘‘अरे काका, शू थयुं? घरी आग लागली का? माल अर्जंट आहे हां, पार्टी डोक्यावर बसलीय.’’

जयंतरावांनी त्याला यादीची नववी ओळ दाखवली आणि काय घडले असण्याची शक्यता आहे ते सांगितले. शेवटी म्हणाले, ‘‘ही चूक असेल तर माझी आहे. कागदावर माझा हात आहे.’’

हेमराजने कान खाजवला. ‘‘बायमंथली म्हणजे दोन महिन्यांनी एकदाच ना, काका? मलाही तेच वाटलं. सगळ्यांनाच तेच वाटेल.’’

‘‘सगळ्यांना वाटलं म्हणून खिळ्याला वाटणार आहे का?’’ जयंतराव म्हणाले. ‘‘कंपनीच्या माणसाला विचार.’’

हेमराजने फोन लावून आवाज मोठा केला. पलीकडचा विक्रेता ठामपणे म्हणाला, ‘‘बायमंथली मतलब दो महीने में एक बार, सर.’’ मग क्षणभर थांबला. ‘‘या महीने में दो बार? एक मिनट. मैं ऊपर पूछकर बताता हूँ.’’

‘‘घ्या,’’ निंबा म्हणाला. ‘‘इकणारालेच मालूम नै.’’

यंत्राबरोबर आलेले मूळ पुस्तक हेमराजच्या टेबलाच्या खणात होते. जयंतरावांना भाषांतरासाठी मिळाली होती ती कचेरीने भागांनुसार टंकून काढलेली यादी. पुस्तक त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. त्यांनी ते उघडले. तिथे यादी नव्हती, तक्ता होता, आणि तक्त्याच्या माथ्यावर डावीकडून उजवीकडे रकाने होते: रोज, बायवीकली, वीकली, बायमंथली, मंथली, वार्षिक.

जयंतरावांनी त्या ओळीवरून बोट फिरवले, पुन्हा फिरवले. वेळापत्रक वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला क्रम म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. रकाने दाटीकडून विरळाईकडे चालले होते. बायवीकली हा साप्ताहिकाच्या आधी आला होता, म्हणजे तो साप्ताहिकाहून दाट: आठवड्यातून दोनदा. बायमंथली मासिकाच्या आधी आला होता. दोन महिन्यांतून एकदा असता तर मासिकानंतर आला असता.

‘‘महिन्यातून दोनदा,’’ ते म्हणाले. आपला आवाज आपल्यालाच परका वाटला. शब्दाने जे सांगितले नाही ते त्याच्या जागेने सांगितले होते. पण जागा दाखवणारा तक्ता मोडून कोणीतरी यादी केली होती, आणि यादीतला शब्द अनाथ झाला होता. टंकणाऱ्याला दोष देण्याचा मोह त्यांना झाला. तो त्यांनी मनातच परत पाठवला. शब्द अनाथ दिसत असताना त्याचे घर विचारणे, हे त्यांचेच काम होते.

‘‘वरून उत्तर येऊ दे की,’’ हेमराज म्हणाला.

‘‘उत्तर येईपर्यंत जवळची मुदत धरायची. तेल किंवा औषध असतं तर मी असं म्हटलं नसतं, हेमराज. तिथे जास्त दिल्यानेही घात होतो. पण कुलूप जास्त वेळा पाहिल्याने कोणाचं काही बिघडत नाही.’’

हेमराजने यंत्राकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि मान हलवली. ‘‘चालो. करून टाकू.’’

यंत्र थंड होऊन पाणी सुटेपर्यंत पाऊण तास गेला. मग त्यातले कापड काढले गेले, आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तपासणी सुरू झाली. रिकाम्या, थंड यंत्राचे झाकण बंद करायचे; खिळा पुढे सरकून कड्यात बसायला हवा. खिळ्याच्या मागच्या टोकाला, मुद्दाम वाकून पाहिल्याशिवाय न दिसणारा लाल पट्टा रंगवलेला होता. खिळा बसला की पट्टा आत लपतो; पट्टा दिसला तर समजावे, कुलूप लागलेले नाही. नंतर थोडी हवा भरून दाबाची सुई किंचित हलवायची आणि खिळा जागेवर राहतो का ते बघायचे.

निंबाने झाकण लावले. तिघे वाकले.

लाल पट्टा दिसत होता.

निंबाने झाकण उघडून पुन्हा लावले. पट्टा तसाच. दुसऱ्या पायरीपर्यंत जाण्याची वेळच आली नाही. पुढे सरकण्याऐवजी खिळा मागेच अडकून बसला होता. हेमराजने विजेचा खटका बंद करवून खिळ्यावरचे टोपण खोलले. खोबणीत पांढरी, घट्ट भुकटी खचून भरली होती. पॉलिस्टर तापले की त्यातून ही भुकटी सुटते. वाफेबरोबर ती फटीफटीत शिरते आणि थंड झाली की खडूसारखी बसते. कापडाच्या पाठीवर तिचे डाग निंबाने शेकडो वेळा पुसले होते.

‘‘पण रोज तर उघडतंय नीट,’’ निंबा मराठीवर येऊन हळूच म्हणाला. ‘‘काही अडत नव्हतं.’’

‘‘अडणार कसं?’’ हेमराज म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. ‘‘कुलूपच लागत नव्हतं, तर दाराला काय अडचण?’’

किती दिवस? दहा, की वीस? ते कोणालाही सांगता येणार नव्हते. तेवढे दिवस त्या झाकणामागे तापलेल्या पाण्याला एकच कुलूप होते: निंबाचे आकड्यांवरचे लक्ष. एखाद्या सकाळी कोणी हाक मारली असती, आकडा दाखवणारी काच धूसर झाली असती, किंवा पार्टीचा माल अर्जंट म्हणून हात पाच मिनिटे आधी चाकावर गेला असता.

जयंतराव जवळच्या रिकाम्या पिंपावर बसले. ‘‘निंबा,’’ ते म्हणाले, ‘‘मी चुकलो रे. तू माझं वाचून चाललास.’’

मोठ्या माणसाने आपली क्षमा मागणे निंबाला अवघड जात होते. त्याने भुकटीचा एक तुकडा नखाने खरवडला आणि म्हणाला, ‘‘मना हात जागावर शे ना, आबा. मग रडतस कसाले? चहा मागाडू का?’’

‘‘चहा नंतर. आधी कागद.’’

यंत्रावर ‘बंद’ची पाटी लागली. खोबणी साफ करून, खिळा दहा वेळा पुढे-मागे सरकवून, हवेच्या दाबाखाली तपासून झाल्यावरच ती काढायची असे ठरले. तेवढ्यात विक्रेत्याचा फोन आला: वरून सांगितले आहे, महिन्यातून दोनदा. हेमराजने नुसते ‘हां’ म्हटले आणि फोन ठेवला.

जयंतरावांनी काचेतून जुना कागद काढला आणि नववी ओळ खोडली. ‘महिन्यातून दोनदा’ असे लिहायला त्यांनी पेन टेकवले, आणि थांबले. महिन्यातून दोनदा म्हणजे एकोणतीस आणि तीस तारखेलाही चालेल काय? अर्थ बरोबर असूनही वाक्य सैल असू शकते, हे त्यांना त्या क्षणी भयासारखे जाणवले. त्यांनी कोणताही द्वि वापरला नाही. लिहिले: ‘झाकणाचे कुलूप दर महिन्याच्या एक तारखेला आणि सोळा तारखेला तपासावे. झाकण बंद केल्यावर लाल पट्टा दिसल्यास यंत्र चालवू नये.’ चौथ्या ओळीतही त्यांनी वार घातले: सोमवार आणि गुरुवार.

‘‘वाच,’’ त्यांनी निंबाला कागद दिला. ‘‘आणि या वेळी समजलं असं म्हणू नकोस. कुठे खोट आहे ते सांग.’’

निंबाने बोट ठेवून सावकाश वाचले. मग बोट ‘एक तारखेला’ या शब्दांवर परत आणून थांबला. ‘‘आबा, एक तारखेले सुट्टी आनी तं? दिवाळी आनी तं?’’

हेमराज हसला. ‘‘याला काढा बाहेर, हा वकील झाला.’’

जयंतराव हसले नाहीत. त्यांनी कागद परत घेतला. पिंपावर एक पुठ्ठा ठेवला, पेन झटकले आणि ओळीच्या शेवटी, जागा अपुरी पडत होती म्हणून बारीक पण स्पष्ट अक्षरात जोडले: ‘त्या दिवशी सुट्टी असल्यास आदल्या कामाच्या दिवशी, नंतर नव्हे.’

‘‘आता?’’ त्यांनी विचारले.

निंबाने पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.